दहावीचा विज्ञानाचा पेपर तपासताना: सराव परीक्षेच्या एका प्रश्नपत्रिकेची गोष्ट

आमच्या तालुक्यातल्या सात शाळा मिळून दहावीची सराव परीक्षा घेतात. पेपर एकच असतो. एक शिक्षक तो काढतो आणि दुसरा तपासतो, म्हणजे छपाईला जाण्याआधी प्रश्नपत्रिका पाहून देतो. पहिल्या वर्षी विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ चा पेपर माझ्याकडे तपासायला आला. मी तो चहा घेता घेता वाचला, शुद्धलेखनाच्या चारपाच चुका दुरुस्त केल्या, गुणांची बेरीज चाळीस होते का ते पाहिले आणि सही करून परत दिला. वीस मिनिटांत काम झाले.

निकाल लागल्यावर एक मुलगी पाठ्यपुस्तक हातात घेऊन शिक्षकखोलीच्या दाराशी उभी राहिली. पहिल्या प्रश्नातल्या एका पर्यायाबद्दल तिला विचारायचे होते. प्रश्न असा होता: ‘पाण्याचे असंगत आचरण ____ तापमानाला दिसून येते.’ पर्याय होते ०°C, ४°C, ०°C ते ४°C आणि १००°C. उत्तरसूचीत ४°C होते. तिने तिसरा पर्याय लिहिला होता.

‘मॅडम, पाणी शून्यापासून चार अंशांपर्यंत तापवलं की प्रसरण न पावता आकुंचन पावतं. म्हणजे असंगत आचरण शून्य ते चारच्या मधे आहे ना? मग माझा गुण का गेला?’

तिचे म्हणणे बरोबर होते. पेपर काढणाऱ्या सरांच्या मनात ‘चार अंशाला पाण्याची घनता सर्वांत जास्त’ हे वाक्य होते, आणि विचारताना त्यांनी ‘असंगत आचरण’ हा शब्द वापरला. मी प्रश्न वाचला तेव्हा उत्तरसूची शेजारीच होती. तीत ४°C दिसले आणि माझ्याही डोक्यात तेच वाक्य आले. त्या दिवशी मी आमच्या शाळेच्या शंभर उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे लावल्या. वरच्या सत्तावीस आणि खालच्या सत्तावीस बाजूला काढून हा एकच प्रश्न पाहिला. वरच्या सत्तावीसांपैकी नऊ मुलांना गुण मिळाला होता, खालच्यांपैकी चौदा जणांना. ज्यांनी धडा नीट समजून घेतला होता त्यांचेच जास्त नुकसान झाले होते. प्रश्न साधा असता, ‘पाण्याची घनता कोणत्या तापमानाला सर्वाधिक असते?’ एवढाच असता, तर हे घडले नसते.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच पेपर माझ्याकडे आला. तो मी कसा तपासला ते सविस्तर लिहिते, कारण नव्याने हे काम अंगावर येणाऱ्या शिक्षकांना ‘पेपर बघून द्या’ यापलीकडे बहुधा कोणी काही सांगत नाही.

सर्वांत आधी मी उत्तरसूचीचे पाकीट न उघडता कपाटात ठेवले. दार लावून, घड्याळ समोर ठेवून आखीव कागदांवर अख्खा पेपर लिहून सोडवला. नुसता मनात सोडवला तर हाताला अडखळायला होत नाही, आणि चुका नेमक्या अडखळण्याच्या जागीच असतात. आपल्या पेपरचा आराखडा ठरलेला आहे: दोन तास, चाळीस गुण. प्रश्न १ मध्ये अ आणि ब मिळून दहा गुण आणि त्यात विकल्प नाही. प्रश्न २ अ मध्ये तीनपैकी दोन शास्त्रीय कारणे, ब मध्ये पाचपैकी तीन प्रश्न. प्रश्न ३ मध्ये आठपैकी पाच, प्रत्येकी तीन गुण. प्रश्न ४ मध्ये दोनपैकी एक, पाच गुण. मी विकल्पांसह सगळे प्रश्न सोडवले. मुलांना चाळीस गुणांचे लिहायचे असते, तरी छापलेले प्रश्न साठ गुणांचे असतात. तपासणाऱ्याने साठच्या साठ तपासायचे.

वेळ मोजताना मात्र चाळीस गुणांचाच हिशेब करायचा. माझा स्वतःचा ठोकताळा असा की, मुलाला दोन तास असतील तर मला पाऊण तासात चाळीस गुणांचे लिहून झाले पाहिजे. त्या पेपरला मला अडुसष्ट मिनिटे लागली. एवढ्यावरूनच पेपर लांबला आहे हे कळले. कुठे लांबला ते कळायला प्रत्येक प्रश्नाच्या समासात मिनिटे लिहून ठेवली होती म्हणून बरे झाले.

त्यानंतर संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या धड्याला किती गुण ते दाखवणारा तक्ता, हाती घेतला. आमच्या गटाने घटकनिहाय भारांश ठरवलेला होता. विकल्पांसह साठ गुण दहा धड्यांत वाटायचे, म्हणजे बहुतेक धड्यांना सहा, विद्युतधारेचे परिणाम आणि कार्बनी संयुगे यांना सात, अवकाश मोहिमांना चार. पेपरसेटरनेही तक्ता जोडलेला होता, पण तो मी पाहिला नाही. कोऱ्या कागदावर दहा धड्यांची नावे लिहून प्रत्येक प्रश्नाचे गुण माझ्या मते तो ज्या धड्याचा होता त्यापुढे मांडले. सरांचा तक्ता नंतर शेजारी ठेवला. दोन तक्त्यांत जिथे फरक पडतो तिथे एक तर प्रश्न दोन धड्यांच्या सीमेवरचा असतो, नाहीतर पेपर काढताना एखादा प्रश्न बदलला आणि तक्ता जुनाच राहिला, असे झालेले असते. दुसरा प्रकार फार आढळतो.

माझी बेरीज अशी आली: गुरुत्वाकर्षण ११, विद्युतधारेचे परिणाम ११, भिंगे ९. उष्णता ४, प्रकाशाचे अपवर्तन ४. आवर्ती वर्गीकरण ५, रासायनिक अभिक्रिया ६, कार्बनी संयुगे ६, धातुविज्ञान फक्त ३ आणि अवकाश मोहिमा १. सगळ्या धड्यांवर काही ना काही विचारलेले होते. ‘सगळे धडे आले का?’ एवढाच प्रश्न विचारला असता तर पेपर निर्दोष ठरला असता.

आमच्या गटात एक ज्येष्ठ सर आहेत. त्यांनी बरीच वर्षे पेपर काढले आणि तपासले आहेत. त्यांना मी हा कागद दाखवला. ते म्हणाले, ‘बेरीज ठीक आहे. आता विकल्प वापरून मूल काय काय सोडून देऊ शकतं ते मोजा.’

मी मोजले. रसायनाच्या चार धड्यांचे साठपैकी वीस गुण होते. प्रश्न १ मध्ये दोन, प्रश्न २ अ मध्ये एक कारण, २ ब मध्ये दोन प्रश्न आणि प्रश्न ३ मध्ये चार. प्रश्न ४ मधले दोन्ही पाच गुणांचे प्रश्न भौतिकाचे, एक गुरुत्वाकर्षणाचा आणि एक विजेचा. आता रसायन अजिबात न वाचलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. प्रश्न १ मध्ये त्याला आठ गुण मिळू शकतात. २ अ मध्ये तो रसायनाचे कारण सोडून उरलेली दोन लिहितो, म्हणजे चार. २ ब मध्ये उरलेले तीन, म्हणजे सहा. प्रश्न ३ मध्ये त्याला चार प्रश्न येतात, बारा गुण. प्रश्न ४ चे पाच. एकूण पस्तीस. रसायनाचे चारही धडे न उघडता चाळीसपैकी पस्तीस! आणि रसायनात पक्की पण भौतिकाची भीती वाटणारी मुलगी घ्या: दोन, दोन, चार आणि बारा. वीसवर तिची गाडी थांबते, कारण प्रश्न ४ मध्ये तिच्यासाठी काहीच नाही.

तेव्हापासून मी हा हिशेब प्रत्येक पेपरला करते. भारांश तक्त्यावरून पेपरात काय छापले आहे ते कळते. मुलाला काय लिहावेच लागणार आहे ते त्यावरून कळत नाही. विकल्प कोणत्या प्रश्नात आहे आणि त्यात कोणते धडे एकमेकांसमोर ठेवले आहेत त्यावर ते ठरते.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. प्रश्न ४ मधला गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न काढून धातुविज्ञानाचा घातला. प्रश्न ३ मध्ये भिंगांचे दोन प्रश्न होते, त्यांतला एक काढून उष्णतेचा ठेवला आणि विजेचा एक काढून अवकाश मोहिमांचा घेतला. प्रश्न १ मधले उष्णतेचे आणि विजेचे एकेक विधान बदलून आवर्ती सारणी आणि कार्बनी संयुगांची दोन घेतली. पुन्हा मोजले तेव्हा रसायन टाळणाऱ्याची मजल तेहतीसपर्यंत आली आणि भौतिक टाळणारीची सत्तावीसपर्यंत. दोघे अजून सारखे झाले नाहीत. सहा धडे एकीकडे आणि चार दुसरीकडे असताना ते होणारही नाहीत. धड्यांच्या बेरजेत अपवर्तनाला दोन गुण कमी आणि धातुविज्ञानाला दोन जास्त राहिले. तेवढे आम्ही चालवून घेतले. एकेका गुणासाठी चांगला प्रश्न मोडून वाईट प्रश्न घालण्यात काही हशील नाही.

प्रश्न ३ मधला विजेचा जो प्रश्न काढला तो आणखी एका कारणासाठी काढला. त्यात दोन रोध समांतर जोडून परिणामी रोध विचारला होता. गणित सोपे होते, मुलांना आलेही असते. पण रोधांची एकसर आणि समांतर जोडणी आपल्याकडे नववीच्या ‘धाराविद्युत’ या धड्यात आहे. दहावीच्या धड्यात ती साधन म्हणून येते. १०० वॅट आणि ६० वॅटचे दोन दिवे २२० व्होल्टवर समांतर जोडले तर मुख्य तारेतून किती धारा जाईल, असे विचारले तर मुलाला दहावीतले शक्तीचे सूत्र वापरावे लागते, आणि समांतर जोडणीची ओळख फक्त मदतीला येते. असा प्रश्न मी ठेवते. ज्यात तपासले जाणारे ज्ञानच मागच्या इयत्तेचे आहे तो काढते. ही चूक बहुतेक वेळा दुसऱ्या मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून प्रश्न उचलल्यामुळे होते. केंद्रीय मंडळाच्या दहावीत हाच भाग आहे. आरशांचेही तसेच. गोलीय आरसे आपण नववीत शिकवतो आणि दहावीत भिंगे. शंका आली की त्या धड्याचे पान उघडून पाहायचे. आपण वर्गात शिकवले होते या आठवणीवर विसंबू नये, कारण आपण पुष्कळदा पुस्तकापेक्षा जास्त शिकवतो.

आता काठिण्यपातळी. आमच्याकडे सोपे, मध्यम आणि कठीण यांचे प्रमाण ४०, ४० आणि २० टक्के ठरले आहे, म्हणजे साठपैकी २४, २४ आणि १२ गुण. पेपरसेटरने समासात सो, म, क अशी अक्षरे लिहिली होती. मी पुन्हा तसेच केले: ती झाकून माझी अक्षरे लिहिली आणि मग ताडून पाहिली. सात प्रश्नांवर आमचे मत वेगळे पडले. त्यातला एक प्रश्न पाहण्यासारखा आहे.

प्रश्न ३ मध्ये गुरुत्वाकर्षणाचे उदाहरण होते. पृथ्वीचे वस्तुमान, त्रिज्या आणि G ची किंमत देऊन g काढायला सांगितले होते. सरांनी त्याला ‘मध्यम’ म्हटले होते, कारण सूत्र एकच, किमती भरायच्या आणि उत्तर काढायचे. मला तो लिहायला अकरा मिनिटे लागली. 6.67 × 10⁻¹¹ ला 6 × 10²⁴ ने गुणायचे, 6.4 × 10⁶ चा वर्ग करायचा, मग भागाकार, तोही गणकयंत्राशिवाय. त्यात मुलाची कसोटी लागते ती घातांकांची आणि लांबलचक भागाकाराची. g हे वस्तुमानावर आणि त्रिज्येवर कसे अवलंबून आहे हे न समजलेल्या मुलालाही तीन गुण मिळतील, आणि समजलेल्याचा गुण एका दशांश चिन्हापायी जाईल.

आम्ही तो असा बदलला: ‘एका ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या वस्तुमानाच्या ८ पट व त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या २ पट आहे. त्या ग्रहावरील गुरुत्व त्वरण पृथ्वीवरील गुरुत्व त्वरणाच्या किती पट असेल?’ आठ भागिले दोनचा वर्ग, उत्तर दोन पट. आकडेमोड अर्ध्या मिनिटाची. पण त्रिज्येचा वर्ग करायचा असतो हे ज्याच्या लक्षात नाही त्याचे उत्तर चार येते, आणि तपासताना त्याची चूक नेमकी कुठे झाली ते दिसते. हा प्रश्न मी ‘कठीण’च्या रकान्यात ठेवला, जरी तो लिहायला सोपा होता. प्रश्न कठीण कशामुळे आहे, विज्ञानामुळे की आकड्यांमुळे, हे पाहिल्याशिवाय समासातल्या अक्षरावर विश्वास ठेवू नका.

किमतींबद्दल एक लहानशी गोष्ट. मुक्त पतनाच्या प्रश्नात g ची किंमत दिलेलीच नव्हती. चेंडू एका सेकंदात जमिनीवर पोहोचला तर उंची किती? g = 10 धरले तर ५ मीटर, g = 9.8 धरले तर ४.९ मीटर. दोन्ही बरोबरच. पण सात शाळांत सात परीक्षक तपासणार, आणि त्यातला एखादा तरी उत्तरसूचीतला आकडाच बरोबर धरणार. किंमत प्रश्नातच छापली की हा प्रश्न मिटतो.

सर्वांत जास्त वेळ गेला तो शब्दरचनेत. मला स्वतःला हा भाग सगळ्यांत अवघड वाटतो. विषय आपल्याला येतो, त्यामुळे प्रश्नात जे लिहिलेले नाही ते आपण नकळत भरून घेतो. पुढचा प्रश्न मी सोडवलासुद्धा, आणि तरी मला दोष दिसला नव्हता:

‘एका भिंगाचे नाभीय अंतर २० सेमी आहे. भिंगापासून १० सेमी अंतरावर वस्तू ठेवल्यास प्रतिमेचे स्थान व स्वरूप सांगा.’

मी बहिर्वक्र भिंग धरून उत्तर लिहिले होते. 1/v = 1/20 − 1/10, म्हणजे v = −20 सेमी. प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, आभासी, सुलट आणि दुप्पट मोठी. नंतर उत्तरसूची उघडली तर तिच्यातही हेच. दोघांचे जुळले म्हणून मी पुढे जाणार होते. पण कच्च्या कागदावर मी सवयीने लिहिले होते: ‘दिलेले: बहिर्वक्र भिंग’. प्रश्नात ते कुठेच दिलेले नव्हते! अंतर्वक्र भिंग धरले तर नाभीय अंतर ऋण होते, 1/v = −1/20 − 1/10, आणि v सुमारे −6.7 सेमी येते. तीही आभासी, सुलट प्रतिमा, पण वस्तूपेक्षा लहान. दोन्ही उत्तरे शास्त्रशुद्ध आहेत. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर धन असते म्हणून २० लिहिले की ते कळायला हवे, असे पेपरसेटर सरांचे म्हणणे पडले. पण मुलांना आपण ‘२० सेमी नाभीय अंतराचे अंतर्वक्र भिंग’ असेही उदाहरण देतो आणि ऋण चिन्ह त्यांनाच लावायला सांगतो. ‘बहिर्वक्र’ हा एक शब्द घालून प्रश्न पक्का झाला.

या अनुभवातून मी एक रीत धरली. प्रत्येक उदाहरणाचे ‘दिलेले’ लिहून झाले की पेन्सिलीने प्रश्नातला तो तो शब्द अधोरेखित करायचा. ज्याच्याखाली रेघ मारायला प्रश्नात जागाच सापडत नाही, ते आपण गृहीत धरलेले असते.

दुसरा प्रश्न तर एका ओळीचा होता: ‘शक्तीचे एकक लिहा.’ पेपरसेटरला वॅट हवे होते. पण याच पुस्तकात ‘भिंगाची शक्ती’ आहे आणि तिचे एकक डायॉप्टर. सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी पेपरची जी इंग्रजी प्रत होती, तिच्यातही दोन्हींना एकच शब्द असल्याने तिथेही हाच घोळ होता. ‘विद्युत शक्तीचे एकक’ असे लिहिले आणि दोन्ही प्रतींत दुरुस्ती केली. ज्यांच्याकडे दोन माध्यमांच्या प्रती असतील त्यांनी एकीत केलेली प्रत्येक दुरुस्ती दुसरीत झाली का ते शेवटी ओळीने पाहावे. आमच्याकडे एकदा मराठी प्रतीत ‘बहिर्वक्र’ आले आणि इंग्रजीत राहून गेले होते, ते छपाईच्या आदल्या दिवशी दिसले.

तिसरा दोष मला दिसलाच नाही. तो आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी दाखवला. छपाईआधी मी पेपर त्यांना वाचायला देते. त्या परीक्षा समितीत आहेत, त्यामुळे गोपनीयतेचा प्रश्न येत नाही, आणि विज्ञान शिकवत नसल्याने प्रश्नात जे नाही ते त्यांच्या मनात आपोआप येत नाही. प्रश्न असा होता: ‘इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, २ असलेले मूलद्रव्य क्लोरीनशी संयोग पावते. त्याची संयुजा व गण लिहा.’ बाईंनी विचारले, ‘त्याची म्हणजे कोणाची? जवळचा शब्द तर क्लोरीन आहे.’ आम्हाला मॅग्नेशिअमची संयुजा आणि गण हवा होता, दोन आणि दोन. क्लोरीनचे लिहिणाऱ्याने एक आणि सतरा लिहिले तर व्याकरणाच्या दृष्टीने त्याला चूक कसे म्हणणार? ‘मूलद्रव्य X चे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, २ आहे. X ची संयुजा व गण लिहा. X आणि क्लोरीन यांच्या संयुगाचे रेणुसूत्र लिहा.’ असा तो झाला. दोन गुणांना तीन बारीक गोष्टी झाल्या, म्हणून उत्तरसूचीत संयुजा आणि गण यांना प्रत्येकी अर्धा आणि रेणुसूत्राला एक असे गुणदान लिहून ठेवले. त्याच फेरीत बाईंनी ‘पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही?’ हेही खोडून ‘कोणते विधान बरोबर आहे?’ केले.

गुणदानाचा विषय निघालाच आहे तर सांगते. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला तीन गुण होते आणि किती मुद्दे हवेत ते कुठेच नव्हते. एक मूल दोन मुद्दे सविस्तर लिहील, दुसरे सहा मुद्दे एकेका ओळीत. उत्तरसूची लिहिताना ‘प्रत्येक मुद्द्याला एक गुण, तीन मुद्दे’ असे ठरवावे लागते आणि ठरले की ते प्रश्नातही छापावे लागते. म्हणून मी आता उत्तरसूचीच्या शेजारी स्वतःची गुणदानाची पायरी लिहून पाहते. जिथे अर्धा गुण कुठे द्यायचा हे मलाच ठरवता येत नाही, तिथे प्रश्न अपुरा आहे असे समजते.

शेवटची फेरी पेपर सलग वाचण्याची, एका प्रश्नातून दुसऱ्याचे उत्तर मिळते का हे पाहण्यासाठी. मिळत होते. प्रश्न १ ब मध्ये ‘हॅलोजन मूलद्रव्ये गण १७ मध्ये असतात’ हे चूक की बरोबर विचारले होते, आणि प्रश्न ३ मध्ये ‘गण १७ मधील हॅलोजन कुलातील मूलद्रव्यांचा...’ अशी सुरुवात होती. पहिले विधान बदलले. छपाईची कच्ची प्रत आली तेव्हा भिंगाच्या किरणाकृतीतली तुटक रेघ झेरॉक्समध्ये सलग झाली होती, म्हणजे आभासी किरण खरा दिसत होता. ती आकृती हाताने काढून पुन्हा बसवली. प्रती संपूर्ण वेळ मुख्याध्यापकांच्या कपाटात होत्या, आणि दुरुस्त्यांचे फोटो आम्ही मोबाइलवरून एकमेकांना पाठवले नाहीत. समोरासमोर बसूनच काम केले.

परीक्षा झाल्यावर मी पुन्हा शंभर उत्तरपत्रिका लावून पाहिल्या. ग्रहाच्या प्रश्नात वरच्या सत्तावीसांपैकी एकवीस जणांचे उत्तर बरोबर होते आणि खालच्यांपैकी चौघांचे, म्हणजे प्रश्न कठीण होता पण नीट वेगळे करणारा होता. भिंगाच्या प्रश्नावर एकही तक्रार आली नाही. पण प्रश्न ४ मध्ये वेगळेच दिसले. एका बाजूला विद्युत चलित्राची नामनिर्देशित आकृती, रचना आणि कार्य विचारले होते. दुसऱ्या बाजूला आम्ही घातलेला धातुविज्ञानाचा प्रश्न होता, बॉक्साइटपासून अॅल्युमिनिअमचे निष्कर्षण, रासायनिक समीकरणांसह. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी मुलांनी चलित्र लिहिले होते. रसायनात हुशार मुलांनीसुद्धा. पाच गुणांसाठी एकीकडे वर्षभर काढलेली आकृती आणि दुसरीकडे चारपाच समीकरणे तोंडपाठ असणे, असा तो सौदा होता. धड्यांचा तोल आम्ही कागदावर साधला होता, पण दोन विकल्पांच्या कष्टाचा तोल पाहायचा राहिला होता. पुढच्या वर्षीच्या संविधान तक्त्यात आम्ही विकल्पांच्या जोड्यांसाठी वेगळा रकाना घातला. जोडीतले दोन्ही प्रश्न आता दोन शिक्षक घड्याळ लावून लिहून पाहतात, आणि दोन्ही प्रश्नांना लागलेल्या वेळांत दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक आला तर जोडी बदलतात.